श्वासावर बसलं की छाती भरून येते, मग नेमकं काय धरू?

"ताई, मी लातूरच्या मार्केट यार्डात आडतीवर मुनीम हाय, वय ३६. सोयाबीनच्या सीझनला दिवसभर फोन, सौदे, पट्ट्या, आणि रात्री अंथरुणावर पडलं तरी डोक्यात तेच आकडे फिरतात. ध्यान सुरू करावं म्हणलं. इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला जाऊन आलेला मित्र म्हणतो श्वास बघ, आई म्हणती नाम घे, आणि बायको मोबाईलवर बघून म्हणती डोळे मिटून सोनेरी प्रकाश बघा. श्वासावर आठ दिवस बसलो तर छाती भरून यायली, ओठाला मुंग्या आल्या, प्रकाश तर दिसतच नाही. तिन्ही थोडं थोडं करून बघितलं. माझ्याच्यानं होणार नाही का हे?"

भाऊ, पहिलं काम म्हणजे एकदा डॉक्टरकडं जाऊन ईसीजी काढून घ्या. जिना चढताना छाती भरत असेल, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जात असेल, घाम फुटत असेल तर आजच जा, ध्यानाचं नंतर बघू. पण फक्त बसल्यावरच होत असेल आणि उठून अंगणात दोन चकरा मारल्या की जात असेल, तर ते बहुतेक श्वासाचंच आहे. श्वास बघायला बसलेला माणूस नकळत श्वास ओढायला लागतो, नीट बघायचाय म्हणून मोठा घेतो, मग अजून मोठा, आणि गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर झाली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि ओठांना, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छाती आवळल्यासारखी वाटते. मग माणूस घाबरतो आणि घाबरून अजूनच जोरात श्वास घेतो. जो माणूस दिवसभर हिशोब सांभाळतो, एक रुपया इकडचा तिकडं होऊ देत नाही, त्याला समोर आलेली गोष्ट नुसती बघून सोडून द्यायची सवयच नसते, तो श्वासाला पण हातात घेतो. तुमचं तेच झालंय असं मला वाटतं.

तुमच्या मित्राचं चुकत नाही. पण त्यानं जे केलं ते कुठं केलं हे पण बघायला पाहिजे ना. इगतपुरीला १० दिवस मौन असतं, मोबाईल जमा करून घेतात, जेवण तयार मिळतं, आणि पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा साधा श्वास बघायचा, तो पण रोज कितीतरी तास, शिकवणारे समोर असताना. तिथं मन दमून दमून शेवटी बसतं. तुम्ही रात्री साडेनऊला पट्ट्या लिहून घरी येता आणि पंधरा मिनिटं बसता, त्या पंधरा मिनिटांत श्वासासारखी बारीक गोष्ट हाताला लागणं अवघड आहे. श्वासाला ना आवाज, ना रंग. अस्वस्थ माणसाला पहिल्यांदा धरायला काहीतरी जाड लागतं.

म्हणून मी म्हणेन आईचं ऐका. आई आहे म्हणून नाही, तुमचा त्रास शब्दांचा आहे म्हणून. डोक्यात जे चालतं ते काय असतं? आज काय भाव फुटला, त्या शेतकऱ्याला पट्टी द्यायची राहिली, उद्या हमाल किती लागतील, ही सगळी वाक्यंच आहेत, आणि माणूस मनात वाक्यं बोलतो तेव्हा तोंडातून बोलायची जी यंत्रणा आहे तीच आतून वापरत असतो. तीच यंत्रणा तुम्ही मोठ्यानं दुसऱ्या शब्दाला लावली की आतलं वाक्य नीट जुळतच नाही. हे तुम्ही रोज बघता. मापाडी "लाभ, दोन, तीन" करत मापं मोजत असतो तेव्हा मधेच कुणी भाव विचारला तर त्याचा आकडा तरी चुकतो नाहीतर उत्तर तरी देता येत नाही. मंत्र मोठ्यानं म्हणणं हे तेच काम उलट्या बाजूनं करतं.

आता कसं करायचं. मंत्र कुठला, तर लहानपणापासून कानावर असलेला. तुमच्या घरात नाम घेतात म्हणजे "राम कृष्ण हरी" असेलच, तोच धरा, नवीन शोधू नका, मोबाईलवर कुणी दिलेला लांबलचक बीजमंत्र तर नकोच. देवाधर्माचं मनापासून नको असेल तर तसं करू नका, मग आवडीचा एखादा साधा शब्द पण चालतो, पण एकदा ठरवला की बदलायचा नाही. १०८ मण्यांची जपमाळ घ्या, गळ्यात घालायची वेगळी ठेवा. मधल्या बोटावर माळ, अंगठ्यानं मणी ओढायचा, अंगठ्याशेजारचं बोट लांब ठेवायचं, मेरुमणी म्हणजे माळेच्या जोडावरचा वेगळा मणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून परत मागं यायचं. माळ नसेल तर अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवा, चार बोटांची बारा पेरं, असे नऊ फेरे झाले की १०८ होतात.

पहिले तीन आठवडे मोठ्यानं म्हणा, म्हणजे शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतकं नाही, आपल्या कानाला नीट ऐकू येईल इतकं. डोळे उघडे ठेवा, समोर दिवा किंवा भिंत, काही पण. एका नामाला साधारण चार सेकंद, म्हणजे एक माळ सात मिनिटांच्या आसपास होते. सकाळी यार्डात जायच्या आधी दोन माळा, एवढंच. घड्याळ एकदा लावून बघा, कारण वेग हाच इथला खरा आरसा आहे. माळ तीन मिनिटांत संपली तर तुम्ही नाम घेत नाही, नाम उरकताय, आणि डोक्यात मागं हिशोब चालू आहे हे पक्कं समजा.

माझा एक चुलत भाऊ एसटीत कंडक्टर होता, अंबाजोगाईकडचा. रिटायर झाला आणि झोपच गेली त्याची, इतकी वर्षं बसमध्ये ओरडून तिकीट काढणारा माणूस घरात एकदम शांत बसला की आत गोंधळ सुरू. त्यानं पण पहिल्यांदा श्वासच धरला होता आणि चार दिवसांत चिडून सोडून दिला. मग आम्ही त्याला माळ दिली. पहिल्या दिवशी त्याची माळ अडीच मिनिटांत झाली, मी शेजारीच बसले होते, अंगठा असा चालत होता जणू तिकिटंच फाडतोय. त्याला म्हणलं, हरीच्या "री"वर आवाज संपेपर्यंत थांब आणि मगच मणी ओढ. तेवढ्या एका गोष्टीनं माळ सहा मिनिटांवर आली. नवव्या-दहाव्या दिवशी तो वैतागला, म्हणाला तोंड म्हणतंय आणि मी मात्र माजलगावच्या स्टँडवर फिरतोय. हे सगळ्यांचं होतं. तोंडाला सवय लागली की मन परत मोकळं सुटतं, आणि तिथंच लोक सोडून देतात, नाहीतर माळांचा आकडा वाढवत बसतात, आज अकरा केल्या, उद्या एकवीस करीन. आकडा वाढवायचा नसतो. आवाज थोडा खाली आणायचा, की कानाला ऐकायला कष्ट पडतात आणि लक्ष आपोआप परत येतं. जुन्या लोकांनी याला नावं पण दिलीत, मोठ्यानं तो वाचिक, ओठ हलतात पण दुसऱ्याला ऐकू जात नाही तो उपांशु, आणि नुसता मनात तो मानसिक. नवीन माणसानं थेट मानसिकवर उडी मारली की ते दहा मिनिटांत झोपेत नाहीतर हिशोबात संपतं. माझा भाऊ जवळजवळ दीड महिना मोठ्यानंच करत होता, मग कुठं ओठांवर आला.

आणि एक गोष्ट त्याची त्यालाच कळली, मी सांगितली नव्हती. एक दिवस म्हणाला, नाम संपलं की श्वास आपोआप आत येतोय, मी काही करत नाही. नाम म्हणताना श्वास हळूहळू बाहेर जातो, मग शरीर स्वतःच घेतं, आणि तुम्ही त्याच्यात हात घालत नाही कारण तुमचं लक्ष नामावर असतं. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, त्यात लॅटिन जपमाळेची प्रार्थना आणि "ओम मणी पद्मे" हा मंत्र दोन्ही म्हणायला लावले, तर दोन्हींनी लोकांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला, कुणी श्वास सावकाश घ्या म्हणलं नव्हतं तरी. म्हणजे मित्राचा श्वास तुम्हाला मिळणारच आहे, फक्त मागच्या दारानं.

श्वासाकडं थेट कधी जायचं? माळ झाल्यावर दोन मिनिटं माळ खाली ठेवून तसंच बसा, काही करू नका. नाम संपल्यावर जी शांतता उरते तिच्यात श्वास चाललेला दिसतो का बघा. दिसला आणि छाती मोकळी राहिली तर बघा, पुढच्या आठवड्यात पाच मिनिटं बघा. पण श्वास ओढला जातोय असं वाटलं किंवा मुंग्या आल्या तर डोळे उघडा, पायाचे तळवे फरशीला टेकवा आणि परत मोठ्यानं एक माळ. त्याच्यात हरल्यासारखं काही नाही.

सोनेरी प्रकाशाचं मात्र आत्ता सोडून द्या, वहिनींना सांगा मी म्हणलंय म्हणून. चित्र मनात तयार करायचं, धरून ठेवायचं, हलू द्यायचं नाही, हे तिघांत सगळ्यात कष्टाचं काम आहे, आणि ज्याचं मन आधीच पळतंय त्याचं चित्र लगेच सिनेमा होतं, प्रकाशाचा यार्ड होतो आणि यार्डात माणसं यायला लागतात. शिवाय काहींना डोळे मिटून चित्र दिसतच नाही. डोळे मिटून आपल्या घराचा दरवाजा आठवून बघा, कडी कोयंडा दिसतो का, का नुसतं "माहिती" असतं? नुसतंच माहिती असेल तर तुमच्यात काही कमी नाही, काहींचं मन तसंच असतं, २०१५ पासून तर डॉक्टर लोकांनी त्याला अफँटेशिया असं नाव पण दिलंय. अशा माणसानं प्रकाश दिसत नाही म्हणून महिने घालवू नयेत. दरवाजा दिसत असेल तर पुढं कधीतरी, चार-सहा महिन्यांनी, डोळ्यांनी खरोखर बघितलेलं काहीतरी घ्या, पंढरपूरला पाहिलेली विठ्ठलाची मूर्ती घ्या, आधी फोटो उघड्या डोळ्यांनी बघा आणि मग मिटा. कुणीतरी सांगितलेल्या प्रकाशापेक्षा ते लवकर टिकतं.

आणि तिन्ही थोडं थोडं करू नका. तुम्ही थोड्याच दिवसांत तीन विहिरी खणल्यात, प्रत्येकी दोन हात. एकच धरा, चाळीस दिवस, त्यात एखादा दिवस चुकला तर परत पहिल्यापासून मोजायचं नाही, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं. सीझनला सकाळ मिळत नसेल तर दुपारी आडतीच्या मागच्या खोलीत पेरांवर एक फेरा करा, बाराच नामं, पण "री"वर थांबून.

रात्री आकडे सुरू झाले तर अंथरुणात माळ घेऊ नका, मग अंथरूणच जपाची जागा होतं आणि झोप अजून लांबते. उठून बसा, लाईट मंद, कागदावर उद्याची तीन कामं लिहा, आणि मग एकच माळ, हलक्या आवाजात. वहिनी झोपलेल्या असतील तर ओठांवर.

एकविसाव्या दिवशी मला परत लिहा. शांत वाटतंय का नाही ते नका लिहू, माळेला किती मिनिटं लागतायत आणि माळ संपल्यावर ओठाला मुंग्या येतायत का, एवढंच लिहा, मी त्यावरून सांगते पुढं काय करायचं.