फोटो गेला, बारा तारीख आहे ना?

*"वॉशिंग मशीन १२ जूनला बंद पडलं. वॉरंटी १४ जूनपर्यंत होती. त्याच दिवशी फोन केला, मेकॅनिक १९ला आला. पॅनेलवर कोड आणि लुकलुकणाऱ्या लाईटचा फोटो काढला होता, पण मोबाइल रीसेट केल्यावर तो गेला. जॉबशीटवर 'मशीन बंद' एवढंच आहे, मी ती न वाचता सही केली. कंपनी म्हणते, वॉरंटी संपली आणि कोडचा पुरावा नाही. काय करावं?"*

दर महिन्याला अशी दोन-तीन पत्रं येतात आणि सगळ्यांना फोटोचंच दुःख असतं. तुमचा दावा फोटोवर नाही, १२ तारखेच्या फोनवर उभा राहील किंवा पडेल. त्या दिवशी तक्रार क्रमांकाचा मेसेज आला असेल तर शोधा. तोही रीसेटमध्ये गेला असेल, तर तक्रार कोणत्या तारखेला नोंदली हे कंपनीला आजच ईमेलवर विचारा. मोबाइल कंपनीकडून कॉलचा तपशीलही मागा, टोल-फ्री कॉल त्यात दिसेलच असं मात्र नाही. वॉरंटी कार्डावरचं कलमही वाचा: बिघाड मुदतीत 'झाला' पाहिजे की मुदतीत 'कळवला' पाहिजे? १२ तारीख सिद्ध झाली, तर मेकॅनिक १९ला आला याला तुम्ही जबाबदार नाही.

आता कोड. जे डोळ्यांनी पाहिलं ते प्रतिज्ञापत्रावर सांगणं हा थेट पुरावा आहे, फोटो नसला तरी. पण सांगायचं कसं, तिथेच लोक माती खातात. नेटवर शोधून "ड्रेन पंप खराब" असं लिहू नका, तो तुमचा अंदाज झाला. दिसलं तेवढंच लिहा. उदाहरणार्थ: "धुणं संपून पाणी जाण्याच्या वेळी मशीन थांबलं. डिस्प्लेवर दोन चिन्हं होती. पहिलं 5 किंवा S, दुसरं E. 'रिन्स'जवळचा लाईट तीनदा लुकलुकला, थोडा थांबला, पुन्हा तीनदा. 'लॉक'चा लाईट स्थिर होता. प्लग काढून पाच मिनिटांनी लावला तरी तसंच." अशा साध्या डिस्प्लेवर 5 आणि S सारखेच दिसतात, ठामपणे एक लिहिलंत आणि मॅन्युअलमध्ये दुसरंच निघालं, तर कंपनीचा वकील तेवढंच धरून बसेल. किती वेळा लुकलुकला हे आठवत नसेल, तर तसंच लिहा. तुमच्या यजमानांनीही पाहिलं असेल, तर त्यांनी तुमचा कागद न बघता वेगळं लिहावं. खाली आजची तारीख घाला. मागची तारीख घालण्याची युक्ती सुचवणारे शेजारी असतात, त्यांचं ऐकू नका.

जॉबशीट न वाचता सही केलीत, हे मात्र मला पटत नाही. दोन शब्दांवर सही करण्याऐवजी कोड त्यावरच लिहून घेता आला असता. आता मशीनला कुणाला हात लावू देऊ नका, गरज पडली तर ग्राहक आयोग ते तपासणीला पाठवू शकतो.

ग्राहक आयोगात जायला कारण घडल्यापासून दोन वर्षं आहेत आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तिथे तारखा किती पडतील हे मी सांगू शकत नाही, त्यामुळे आधी लेखी नोटीस पाठवा आणि तिच्यात १२ जून पहिल्या ओळीत येऊ द्या.