पाण्यासारखं चांगलं: ताओ ते चिंगच्या आठव्या अध्यायाविषयी

प्रिय मित्रा,

ताओ ते चिंग या प्राचीन चिनी ग्रंथाच्या आठव्या अध्यायाचा तुझा मराठी खर्डा आणि त्याला जोडलेली वैतागलेली चिठ्ठी, दोन्ही वाचलं. इंग्रजी अनुवाद शेजारी शेजारी मांडलेस आणि विचारलंस की हे सगळे एकाच आठ-दहा ओळींचे अनुवाद आहेत हे खरं कसं मानायचं, आणि यांतला बरोबर कोणता. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकतो. ते कळलं की दुसरा प्रश्न तू वेगळ्या शब्दांत विचारशील, असा माझा अंदाज आहे.

सुरुवात मुळापासून करू. 'शांग शान रुओ श्वेइ'. चार अक्षरं: वरचं, चांगलं, सारखं, पाणी. विभक्ती नाही, वचन नाही, काळ नाही. यातलं 'शान' सगळ्यात अवघड. त्याचा अर्थ चांगुलपणा होतो, चांगला माणूस होतो, आणि एखाद्या गोष्टीत हातखंडा असणं असाही होतो. पुढच्याच वाक्यात पाणी सगळ्या वस्तूंचं भलं 'शान' करतं, म्हणजे ते काम त्याला छान जमतं. इंग्रजी अनुवादकांपैकी जेम्स लेग यांनी १८९१ साली दोन्ही ठिकाणी श्रेष्ठता या अर्थाचा शब्द धरून ठेवला. आर्थर वेली यांनी १९३४ मध्ये दोन्हीकडे चांगुलपणा घेतला. डी. सी. लाउ यांनी १९६३ मध्ये पहिल्या ओळीत 'सर्वोच्च चांगलं' म्हटलं आणि दुसऱ्या ओळीत पाणी या कामात 'निष्णात' आहे असं केलं. तिघांपुढे अक्षर एकच होतं. इंग्रजीला मात्र नाम हवं की क्रियापद हे ठरवावंच लागतं.

तू 'परमश्रेय' लिहिलं आहेस. ते काढ. श्रेय म्हटलं की मराठी वाचकाला कठोपनिषदातली श्रेय-प्रेयाची निवड आठवते, आणि इथे तसली निवड कुठेच नाही. साधं 'चांगलं' घे. 'ती चांगलं गाते' आणि 'याचं चांगलं होवो' ही दोन्ही कामं मराठीत तो एकच शब्द करतो. इंग्रजी अनुवादकांना ही सोय नव्हती, आपल्याला आहे.

आता तुझा खरा अडसर. तू विचारलंस की पाणी 'भांडत नाही' असं बहुतेक जण लिहितात, मग काही नव्या अनुवादांत ते 'शांत असतं' असं कुठून आलं. हे अनुवादकाच्या मनमानीतून आलेलं नाही, त्यामागे एक हस्तलिखित आहे. १९७३ साली हुनान प्रांतात छांगशा शहराजवळ मावांगदुइ इथल्या तिसऱ्या थडग्यात रेशमावर लिहिलेल्या या ग्रंथाच्या दोन प्रती सापडल्या. थडगं इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेलं, म्हणजे प्रती त्याहून जुन्या. अभ्यासक त्यांना 'अ' आणि 'ब' म्हणतात. 'ब' प्रतीत हान घराण्याचा संस्थापक लिउ बांग याच्या नावातलं 'बांग' हे अक्षर टाळून दुसरं वापरलं आहे, 'अ' प्रतीत ते सरळ लिहिलं आहे. सम्राटाच्या नावातलं अक्षर लिहायचं नाही असा दंडक होता, म्हणून 'अ' आधीची आणि 'ब' नंतरची असं मानतात.

आपल्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आलेल्या पाठात वाक्य असं आहे: पाणी सगळ्यांचं भलं करतं आणि 'बू झंग', भांडत नाही. 'अ' प्रतीत तिथे 'यौ जिंग' आहे, म्हणजे त्याच्यापाशी शांतता आहे. 'ब' प्रतीत आहे 'यौ झंग', आणि त्याचा शब्दशः अर्थ निघतो भांडण आहे! हा ग्रंथ ज्याच्या नावावर आहे त्या लाओत्झूचं पाणी भांडखोर निघालं तर सगळा अध्यायच उलटा होईल, तेव्हा काहीतरी दुरुस्त करून वाचणं भाग आहे. प्रश्न एवढाच, की काय दुरुस्त करायचं.

इथे अक्षरं डोळ्यांसमोर आणावी लागतात. शांततेचं 'जिंग' लिहिताना डाव्या अंगाला निळ्या-हिरव्या रंगाचं अक्षर येतं आणि उजव्या अंगाला चक्क भांडणाचंच 'झंग' येतं. उच्चारही जवळचे. त्या काळचे लेखनिक अशी अक्षरं सर्रास एकमेकांच्या जागी लिहीत. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की 'ब'च्या लेखनिकाने डावं अंग गाळलं, मूळ 'शांतता आहे' हेच, आणि 'भांडत नाही' हा नंतरचा बदल. बाकीचे म्हणतात की 'नाही'च्या जागी 'आहे' पडलं, मूळ वाक्य 'भांडत नाही' असंच होतं.

आता 'अ' प्रतीची शेवटची ओळ बघ. अध्याय संपताना सगळीकडे येतं की भांडत नाही, म्हणूनच दोष लागत नाही. 'अ'च्या लेखनिकाने तिथेही 'जिंग' लिहिलं आहे: 'शांत नाही, म्हणून दोष लागत नाही.' याला काही अर्थ नाही. तिथे त्याचं 'जिंग' आपल्याला 'झंग' म्हणूनच वाचावं लागतं. मग वरच्या ओळीतलं त्याचंच 'जिंग' शांततेचं आहे, हे कशाच्या जोरावर म्हणायचं? माझा कल जुन्या 'भांडत नाही'कडे आहे, कारण शेवटची ओळ त्याच शब्दाकडे वळून बघते. पण 'शांत' लिहिणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. आणखी जुन्या पुराव्याची वाट बघशील तर निराश होशील. १९९३ मध्ये हूबेइ प्रांतात ग्वोद्येन इथे बांबूच्या पट्ट्यांवर याहून जुना मजकूर सापडला, पण त्यात आठवा अध्याय नाहीच. गंमत म्हणजे त्याच पट्ट्यांत पाण्याविषयीचा एक वेगळाच मजकूर निघाला. त्यात विश्वाच्या उत्पत्तीत सगळ्यात आधी पाणी येतं. आपल्या ओळीचा निकाल त्यावरून लागत नाही.

मधल्या सात तुकड्यांकडे येतो. तिथे तुझा खर्डा सगळ्यात ढिला पडला आहे. सातही तुकडे तीन-तीन अक्षरांचे आणि प्रत्येकात मधोमध 'शान': राहणं-चांगलं-जमीन, मन-चांगलं-डोह, देणं-चांगलं-माया, बोलणं-चांगलं-खरेपणा, शासन-चांगलं-सुव्यवस्था, काम-चांगलं-कुवत, हालचाल-चांगलं-वेळ. कोण राहतो, कोण बोलतो, हे लिहिलेलंच नाही. तू सातही ठिकाणी 'ज्ञानी माणूस' घातलास. चालतं, पण तो तू घातलेला आहे हे विसरू नको.

नदीकाठचे वडीलधारे, हशांग गोंग, या नावाने चालत आलेली एक जुनी टीका आहे. तिच्यात हे सगळं पाण्याविषयीच आहे. पाण्याला जमीन आवडते, झाडापानांवर पडलं तरी ते खालीच ओघळतं. त्यात पडलेलं प्रतिबिंब वस्तूशी इमान राखतं, हा त्याचा खरेपणा. ते काहीही धुतं आणि स्वतः सपाट, समतल राहतं, हे त्याचं शासन. चौकोनी भांड्यात चौकोनी, गोल भांड्यात गोल होतं, ही त्याची कुवत. उन्हाळ्यात पसरतं, हिवाळ्यात गोठतं, म्हणजे वेळ चुकवत नाही. मला ही टीका फार आवडते. बोलणं आणि खरेपणा हे शब्द पाण्याला लावायचे तर प्रतिबिंबच शोधावं लागणार, आणि त्या टीकाकाराने ते शोधलं.

वेली यांनी भलतीच वाट धरली. त्यांनी सातही तुकडे लोकांच्या तोंडी घातले: लोक घरासाठी जमीन पसंत करतात, विचारांत खोली, बोलण्यात सत्य, आणि प्रत्येक वेळी कारण एकच, की ज्यातून भांडण उपजत नाही तेच त्यांना आवडतं. त्यामुळे सात तुकडे शेवटच्या ओळीला पक्के बांधले जातात. त्यासाठी त्यांना 'जर' आणि 'कारण' पदरचे घालावे लागले. वाचायला सुरेख आहे, पण मूळ चिनी इतकं सलग नाही. ते तुटक आहे आणि मला ते तुटकच हवं वाटतं.

तिसऱ्या तुकड्यावर जरा रेंगाळ. 'देणं' या अक्षराचाच 'सोबत' असाही अर्थ होतो. 'माया' म्हणजे 'रन', कन्फ्यूशियसच्या शिकवणीतला मुख्य गुण. पण हाच ग्रंथ पाचव्या अध्यायात म्हणतो की आकाश आणि पृथ्वी यांच्यापाशी 'रन' नाही, आणि एकोणिसाव्यात सांगतो की 'रन' टाकून द्या. मग इथे त्याची शिफारस कशी? माणूस या शब्दाचा उच्चारही 'रन'च, आणि काही जुन्या पाठांत तेच अक्षर आहे. लेग यांनी 'सोबत सज्जनांची' असा अर्थ घेतला. मावांगदुइच्या 'ब' प्रतीत मात्र तिथे 'आकाश' आहे: देण्यात आकाशासारखं, म्हणजे आपपरभाव न ठेवता. 'अ' प्रतीत तर 'देणं-चांगलं-खरेपणा' एवढंच उरलं आहे. सात वेळा 'शान' लिहिताना लेखनिकाची नजर एका 'शान'वरून पुढच्या 'शान'वर घसरली आणि मधली तीन अक्षरं गळाली. असा सांधा कुठे दिसला की तिथे तत्त्वज्ञान शोधू नको, आधी नजरेची घसरण शोध.

तुझ्या यादीतला १९८८ चा स्टीफन मिचेल यांचा अनुवाद वेगळ्या खणात ठेव. त्यांना चिनी येत नव्हतं, इतरांच्या अनुवादांवरून त्यांनी आपलं इंग्रजी बांधलं. काम करताना 'तुला जे आवडतं ते कर' ही ओळ तुला सगळ्यात भावली असं लिहिलंस. मुळात तिथे 'कुवत' आहे, आवड नाही.

एक मोह मात्र आवर्जून टाळ. बाराव्या अध्यायातली ज्ञानेश्वरी तू तळटीपेत घातली आहेस: गाईची तहान भागवू आणि वाघाला विष होऊन मारू, असा भेद पाण्याला ठाऊकच नसतो. ओवी अप्रतिम आहे. पण तिथलं पाणी समदृष्टीचं आहे, आणि इथल्या पाण्याचं मोठेपण ते कुठे जातं यात आहे: लोकांना नको असलेल्या खालच्या जागी. ओवी शेजारी आली की वाचक हा खालचेपणा विसरतो आणि तुझा लाओत्झू वारकरी होतो. 'ब'मधल्या 'आकाश' या पाठाखाली ती ठेवलीस तर माझी हरकत नाही, तिथे ती बसते.

राहिला 'जी' हा शब्द: पाणी ताओच्या, म्हणजे सगळ्याच्या मुळाशी असलेल्या त्या वाटेच्या, 'जवळपास' आहे. तुझ्या खर्ड्यात 'पाणी म्हणजेच ताओ' झालं आहे. वांग बी हा टीकाकार इ.स. २४९ मध्ये वारला, तेव्हा त्याची पंचविशीही झाली नव्हती. त्याने इथे एवढंच लिहिलं की ताओ नसलेला आहे, पाणी असलेलं आहे, म्हणून 'जवळपास'. तो शब्द परत घाल. आणि पुढचा खर्डा पाठवशील तेव्हा प्रत्येक ओळीसमोर कोणता पाठ धरलास ते समासात लिही, म्हणजे आपला वाद तुझ्या मराठीवर आहे की लेखनिकाच्या अक्षरावर, हे मला लगेच कळेल.

सस्नेह