गुलाबपाणी, कोरफडीचे जेल आणि ग्लिसरीन हे टोनर किंवा मॉइश्चरायझर म्हणून चालतात का? बाजारातली चांगली बाटली कशी ओळखावी?

चालतात, मात्र तिघांची कामे वेगळी आहेत आणि ओलावा धरून ठेवण्याचे खरे काम त्यांपैकी ग्लिसरीनच करते. गुलाबपाणी मुख्यतः पाणीच असल्यामुळे चेहरा धुतल्यावर लावायला छान वाटते, पण काही मिनिटांत ते उडून जाते. कोरफडीचे जेलही बहुतांशी पाणीच असते आणि त्याने गारवा मिळतो, पण ते वाळल्यावर कोरड्या त्वचेला थोडे ताणल्यासारखे वाटते. म्हणून ही दोन्ही एकेकटी मॉइश्चरायझरची जागा घेऊ शकत नाहीत.

ग्लिसरीनच्या बाबतीत सर्वाधिक होणारी चूक मी स्वतः बरीच वर्षे केली. नागपूरच्या कोरड्या हिवाळ्यात मी रात्री नुसते ग्लिसरीन गालांवर चोळून झोपत असे. उशीवरची कापसाची लव चेहऱ्याला चिकटायची आणि सकाळी गाल आदल्या दिवसापेक्षा अधिक ओढलेले असायचे. ग्लिसरीन जवळचे पाणी ओढून घेते. हवेत ओलावा नसेल आणि ते पाण्यात मिसळलेले नसेल, तर ते पाणी त्वचेच्याच आतल्या थरांतून येते. आता मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचे मापाचे टोपण वापरते: १०० मिली गुलाबपाण्यात ५ मिली ग्लिसरीन, म्हणजे सुमारे ५ टक्के. हे मिश्रण ओलसर चेहऱ्यावर लावून दोन मिनिटांनी वर साध्या क्रीमचा किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर देते, कारण ओढून आणलेले पाणी उडू नये यासाठी वरून काही तरी स्निग्ध लागतेच. डिसेंबर-जानेवारीत मी हेच प्रमाण १० मिलीपर्यंत नेते. त्यापुढे चेहरा चिकट होतो आणि धूळ बसते. मिश्रण एका वेळी थोडेच करावे, फ्रिजमध्ये ठेवावे आणि दोन आठवड्यांत संपवावे. त्यात तंतू तरंगताना दिसले किंवा वास आंबट आला, तर ते सरळ टाकून द्यावे.

विकत घेताना ग्लिसरीनबाबत माझा आग्रह एकच आहे: औषधाच्या दुकानातून सीलबंद आणि ‘आय. पी.’, म्हणजे ‘इंडियन फार्माकोपिया’ या औषधांच्या अधिकृत मानकांनुसार, असे छापलेली बाटली घ्यावी, सुटे किंवा कारखान्यांसाठीचे ग्लिसरीन घेऊ नये. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले, ते त्यांना औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हा विषारी पदार्थ मिसळलेला असल्यामुळे. लेंटिन आयोगाने पुढे त्याची चौकशी केली. ते ग्लिसरीन पोटात गेले होते आणि त्वचेवर लावण्यात तितका धोका नाही, तरीही हा पदार्थ दिसायला आणि हाताला ग्लिसरीनसारखाच असल्याने घरी तो ओळखता येत नाही, म्हणून छापील दर्जावरच विसंबावे लागते.

गुलाबपाण्याच्या बाटलीवर पुढचे गुलाबाचे चित्र पाहू नये, मागची घटकांची यादी वाचावी. यादीत घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात. खरे गुलाबपाणी पाकळ्या पाण्यात उकळून, वाफ थंड करून मिळवतात आणि त्याच्या यादीत ‘रोझा डमास्केना फ्लॉवर वॉटर’ असे काही तरी पहिल्या जागी असते. माझ्या घरी एकदा आलेल्या स्वस्त गुलाबी बाटलीवर मात्र ‘अ‍ॅक्वा’, मग अत्तर पाण्यात मिसळवणारे ‘पॉलिसॉर्बेट २०’, मग ‘परफ्यूम’ आणि शेवटी रंग होता, म्हणजे ते पाण्यात विरघळवलेले अत्तर होते. ती बाटली हलवली की वर साबणासारखा फेस बराच वेळ राहायचा. ऊर्ध्वपातित गुलाबपाण्याचे बुडबुडे लगेच फुटतात. शिवाय ते पाण्यासारखे रंगहीन असते. ‘फिनॉक्सीएथेनॉल’ किंवा ‘सोडियम बेन्झोएट’ अशी परिरक्षके दिसली तर घाबरू नये, कारण त्यांच्यावाचून उघडलेली बाटली लवकर बिघडते.

कोरफडीच्या जेलवरील ‘९९ टक्के’ या आकड्याला मी फार महत्त्व देत नाही. कोरफडीच्या गराची २०० पट आटवलेली भुकटी मिळते; तिचा अर्धा ग्रॅम ९९.५ ग्रॅम पाण्यात घातला की हिशेबाने १०० ग्रॅम रस तयार होतो. त्याऐवजी त्यात आणखी काय आहे ते पाहावे. गर मुळात रंगहीन असतो, त्यामुळे गडद हिरवे जेल म्हणजे रंग घातलेला आहे. आणि यादीच्या सुरुवातीलाच ‘अल्कोहोल डीनॅट’ असेल, तर कोरड्या किंवा सोललेल्या त्वचेवर ते झोंबेल. तिन्हींपैकी काहीही नवे असेल, तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस वाट पाहावी.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हवाच दमट असते. तेव्हा ग्लिसरीन निम्मे करावे आणि त्वचा तेलकट असेल तर वरचा क्रीमचा थरही वगळावा.