शीर्षकाच्या आत काय आहे ते आधी कळू द्या

«माझ्या व्यवसाय आराखड्याचे नाव आहे ‘लाकडी घाण्याचे शुद्ध शेंगदाणा तेल’. कसा वाटतो? अभिप्राय हवा आहे.»

आपण काय विकणार हे नावावरून कळते, पण ते परवडेल की नाही हे कळत नाही, म्हणून चांगला किंवा वाईट असा शेरा मी देणार नाही. मात्र मी काही वर्षे घाणा चालवला आहे आणि या धंद्याचे गणित कुठे अडते ते पाहिलेले आहे. ते खाली मांडतो. त्यातले दर समजण्यापुरते धरले आहेत, तिथे आपल्या गावचे दर घालावेत.

एका घाणीला 10 किलो शेंगदाणा 120 रुपये दराने घेतला, तर कच्चा माल 1200 रुपयांचा होतो. उतारा 40 टक्के धरला, तर 4 किलो तेल निघते. एक लिटर शेंगदाणा तेलाचे वजन साधारण 910 ग्रॅम भरते, म्हणजे हे सुमारे 4.4 लिटर झाले. साडेपाच किलो पेंड 40 रुपयांनी गेली, तर 220 रुपये परत येतात. वीज आणि मजुरीचे 80 रुपये आणि बाटली व लेबलचे लिटरमागे 18 रुपये धरले, तर एक लिटर तेल आपल्याला 259 रुपयांच्या आसपास पडते. 320 रुपयांना विकले, तर लिटरमागे 61 रुपये उरतात आणि जागेचे भाडे, घरपोच पोहोचवण्याचा खर्च, कर्जाचा हप्ता हे सगळे त्यातूनच भागवायचे असते.

आता उतारा 40 ऐवजी 37 टक्के आला असे समजा. पेंड थोडी वाढते, पण तेल 4.1 लिटरपेक्षाही कमी भरते, लिटरचा खर्च 275 रुपयांच्या पुढे जातो आणि उरणाऱ्या 61 रुपयांतले सतराएक रुपये नाहीसे होतात. म्हणून आराखड्यात उतारा पुस्तकातून किंवा यंत्र विकणाऱ्याच्या तोंडून घेऊ नये. ज्या बाजारातून आपण माल घेणार, त्याच मालाच्या दोन-तीन घाणी एखाद्या चालू घाण्यावर पैसे देऊन काढून घ्याव्यात आणि तेल व पेंड दोन्ही स्वतः तोलून पाहावे.

माल घेतानाही दर पाहण्याआधी दाणा फोडून पाहावा. दोन डाळ्यांच्या मधे करडी किंवा हिरवट बुरशी दिसली, चव कडवट लागली, तर ते पोते स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. बुरशीमुळे दाण्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते. कारखान्यात तेल शुद्ध करताना ते बरेचसे निघून जाते, घाण्यावर मात्र ती पायरीच नसते. त्याचा मोठा भाग पेंडीत उतरतो आणि ती पेंड दुभत्या जनावराने खाल्ली की त्याचा अंश दुधात येतो. एका पावसाळ्यात ओल लागलेली काही पोती मला पूर्ण बाजूला काढावी लागली होती. त्या महिन्याचा नफा गेला, पण ती पोती घाण्यात घातली नाहीत याचे मला आजही समाधान आहे. आपल्या नावात ‘शुद्ध’ हा शब्द आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या जाहिरात व दावेविषयक नियमांत या शब्दाच्या वापरालाही अटी आहेत, त्या लेबल छापण्यापूर्वी वाचाव्यात.

यापुढचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दिवसाला आठ घाणी आणि महिन्याचे 25 दिवस धरले, तर सुमारे 880 लिटर तेल तयार होईल. एक कुटुंब महिन्याला चार लिटर घेते असे मानले, तर दर महिन्याला न चुकता घेणारी 220 घरे हवीत. ओळखीचे लोक पहिली बाटली कौतुकाने घेतात, तिसऱ्या महिन्यात दर पाहून थांबतात. त्यामुळे पहिल्या वर्षाचा अंदाज पूर्ण क्षमतेवर बांधू नये.

पैसा कुठे अडकतो तेही पाहा. एवढ्या तेलासाठी महिन्याला 2000 किलो दाणा, म्हणजे 2 लाख 40 हजार रुपयांचा माल लागतो. सुगीत भाव उतरतात म्हणून तीन महिन्यांची साठवण करायची ठरवली, तर 7 लाख 20 हजार रुपये गोदामात बसतात आणि ही रक्कम बहुधा एका घाण्याच्या किमतीहून मोठी असते. नवे उद्योजक कर्ज यंत्रासाठी मागतात आणि खेळते भांडवल विसरतात. पुढे ऐन हंगामात हातात पैसा नसल्याने तोच दाणा चढ्या भावाने घ्यावा लागतो.

दाणा कोणत्या बाजारातून आणि कोणत्या महिन्यात घेणार, आपल्या हाताने तोललेला उतारा किती आला, आणि पहिल्या सहा महिन्यांत तेल घेणारी घरे किती व ती कोणत्या भागात आहेत, एवढे लिहून पाठवावे. मग मी आपल्या आराखड्यातला एकेक आकडा तपासून सविस्तर मत देईन.