कॅन्डिडेट जास्त पगार मागतोय, आकडा वाढवता येणार नाही, बाकीचं बघता येईल. त्याला काय लिहू?

"ऑफर पाठवली, त्यावर कॅन्डिडेटचं मेल आलं की बारा टक्के वाढवून द्या. पगार वाढवायची परवानगी मला मिळणार नाही, बाकी थोडंफार बघता येईल. माणूस चांगला आहे, जायला नकोय. नाही कसं म्हणू?"

आधी मेल लिहू नका, फोन करा. बारा टक्के कशासाठी मागतोय हे तुम्हाला अजून माहीत नाहीये आणि ते कळल्याशिवाय तुम्ही ज्या गोष्टी पुढे कराल त्या अंदाजाने कराल, म्हणजे त्याला हवा असेल जॉइनिंगला वेळ आणि तुम्ही देत बसाल घरून कामाचे दिवस.

माझ्याकडची एक केस सांगते. सोपं जावं म्हणून आमची ऑफर 100 धरा, त्याने मागितले 112. मी सरळ विचारलं, "हा 112 चा आकडा कसा काढलात, सांगाल का?" आणि गप्प बसले. (हे गप्प बसणं जमायला मला बरीच वर्षं लागली, आपल्याला लगेच काहीतरी बोलून ती शांतता भरायची असते.) थोड्या वेळाने तो म्हणाला की खरं सांगायचं तर दहा आठवड्यांनी आमचा वार्षिक बोनस आहे, आत्ता सोडलं तर तो बुडतो, साधारण 9 चा आहे, आणि थोडंफार मागून बघावं असं मित्रांनी सांगितलं.

आता बघा, त्याचं नुकसान आहे एकदाच 9 चं, आणि मागतोय दरवर्षी 12. पगारात घातलेले 12 हे पुढच्या वर्षीही द्यायचे, त्याच्या पुढच्या वर्षीही, आणि प्रत्येक इन्क्रिमेंट त्यांच्यासकट मोजलं जाणार, म्हणजे तीन वर्षांत 36 च्या वर. एकदाच पडलेला खड्डा एकदाच भरायचा असतो.

पहिला विचार आला की जॉइनिंग पुढे ढकलू, त्याचा नोटीस पिरियड आठ आठवड्यांचा होता म्हणजे दोनच आठवडे जास्त थांबायचं. पण मी त्याला म्हटलं आधी तुमची बोनस पॉलिसी नीट वाचा, कारण बऱ्याच ठिकाणी नोटीसवर असलेल्याला बोनस देत नाहीत, त्या दिवशी तो कामावर असला तरी. त्याच्याकडे नेमकं तसंच निघालं. म्हणजे बोनस हातात पडल्यावर राजीनामा, मग आठ आठवडे, एकूण अठरा, तेवढं आमचा मॅनेजर थांबणार नव्हता. मग उरला जॉइनिंग बोनस. 9 नाही मिळाले, 6 ची परवानगी मिळाली, ती मी हातात घेतली आणि मगच मेल लिहिलं. हा क्रम महत्त्वाचा आहे, आधी बोलून मग वर विचारायला गेलात आणि तिथून नाही आलं तर तोंडघशी पडाल.

मेल साधारण असं होतं:

"काल मोकळेपणाने बोललात, त्याबद्दल धन्यवाद. मूळ पगार 100 हाच राहील, त्यात बदल होणार नाही. हाच रोल करणाऱ्या टीममधल्या लोकांच्या पगाराशी जुळवून आम्ही तो ठरवतो, आणि तुमचा अनुभव धरूनच तो 100 ला ठेवलाय. तुमचा बोनस बुडतोय त्यासाठी 6 चा जॉइनिंग बोनस देता येईल, पहिल्या पगारासोबत. बारा महिन्यांच्या आत तुम्ही स्वतःहून सोडलंत तर उरलेल्या महिन्यांच्या हिशोबाने परत करावा लागेल. जॉइनिंगची तारीख चार आठवड्यांपर्यंत पुढे नेता येईल. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करता येईल, तेही ऑफर लेटरमध्ये लिहून देऊ. यातलं काय हवंय ते शुक्रवारपर्यंत कळवा."

"बजेट नाही" हे मी कुठेही लिहिलं नाही. बजेट म्हटलं की समोरचा विचारतो मग पुढच्या क्वार्टरला देणार का, आणि तुम्ही महिन्याभरात अजून दोघं घेतलेत की त्याला वाटतं मला गंडवलं. खरं कारण टीममधल्या पगारांचं होतं, तीच माणसं तेच काम 95 ते 102 मध्ये करत होती, तिथे 112 चा नवा माणूस बसवला तर ते कधी ना कधी बाहेर येतंच. अर्थात कोणाला किती हे त्याला सांगायचं नाही, फक्त कारण सांगायचं.

आणि "सध्या तरी", "शक्यतो", "अवघड वाटतंय" हे शब्द काढून टाका. आपल्याला ते नम्र वाटतात, त्याला ते दार किलकिलं दिसतं, मग तो 108 मागतो, मग 105, आणि दोघांचा आठवडा जातो. उलट बाजूही तेवढीच खरी, की तुमच्याकडे अजून 3 द्यायची मुभा असेल तर "बदल होणार नाही" लिहूच नका, ते 3 आधीच देऊन टाका. शेवटचा आकडा म्हणून सांगितला आणि तो दुसरीकडची ऑफर घेऊन आल्यावर वाढवलात, तर पहिल्यांदा खोटं बोललात असंच तो धरणार.

परतीची अट मात्र नीट लिहा. त्याने मला विचारलं, अकरा महिन्यांनी सोडलं तर? म्हटलं 6 चा बारावा भाग, म्हणजे 0.5. मग विचारलं, टॅक्स कापून हातात आले तेवढ्यावर हिशोब की पूर्ण 6 वर? हे आमच्या लेटरमध्ये नव्हतंच, आणि पूर्ण रकमेवर धरलं तर लवकर सोडणाऱ्याला मिळाले त्यापेक्षा जास्त परत करावे लागू शकतात. आम्ही हातात आलेल्या रकमेवर केलं. तुम्ही आधीच ठरवून घ्या.

एक गोष्ट मी पूर्वी द्यायचे, आता जपून देते. सहा महिन्यांनी रिव्ह्यू. एकीला मी फोनवर नुसतं म्हणाले होते "सहा महिन्यांनी बघू ना", ती सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी आली, तोवर मॅनेजर बदललेला, नव्याला काही माहीत नाही, लिहिलेलं कुठे काही नाही. ती गेली, आणि चूक माझी होती. द्यायचाच असेल तर कोण बघणार, काय बघणार, कोणत्या महिन्यात, हे लिहा, आणि वाढ होईलच असं नाही हेही त्याच वाक्यात लिहा. एवढं लिहून मिळत नसेल तर रिव्ह्यूचं नावच काढू नका. मोठं डेझिग्नेशनही फुकट वाटतं पण बऱ्याच ठिकाणी त्याला पगाराचा बँड चिकटलेला असतो, वर्षभरात तोच माणूस "माझ्या लेव्हलला एवढा मिळतो" म्हणून परत येतो.

आमच्या त्या माणसाने 6 चा जॉइनिंग बोनस आणि घरून दोन दिवस घेतले, तारीख नको म्हणाला. तुमचा नाहीही म्हणेल, 100 त्याला खरंच परवडत नसतील तर तेही चालतं, ओढाताण करून आणलेला माणूस पहिल्या दिवसापासून दुसरीकडे बघत असतो. शुक्रवारपर्यंत काही आलं नाही तर सोमवारी एक फोन करा, मेल नको. आणि त्याची सही होईपर्यंत दुसऱ्या नंबरच्या कॅन्डिडेटला नकाराचं मेल पाठवू नका.