७२ पानी अहवालाला कोणतं बायंडिंग?

प्रश्न: अहवाल ७२ पानांचा आहे, ए-४, पाठपोट छपाई. मार्जिन चारही बाजूंनी १५ मिमी. स्पायरल, सेंटर पिन की परफेक्ट बायंडिंग करू?

उत्तर: मजकूर आहे तसाच छापायचा असेल तर स्पायरल.

७२ पानं म्हणजे पाठपोट ३६ कागद. ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, म्हणजे गठ्ठा ३.६ मिमीचा. परफेक्ट बायंडिंगच्या पाठीला निदान ३ मिमी जाडी हवी, नाहीतर गोंदाला धरायला काही उरत नाही. तुमचा अहवाल त्यात जेमतेम बसतो. खरी अडचण मार्जिनची आहे. गोंद मुरावा म्हणून पाठीची कड २-३ मिमी खरवडतात, आणि चिकटवलेलं पान मुळापर्यंत उघडत नाही, त्यामुळे आणखी साताठ मिमी खोबणीत जातात. १५ मधले उरले पाच. वाचणारा अंगठ्याने पान दाबून धरतो आणि दाबून दाबून पानं सुटायला लागतात.

परफेक्टच हवं असेल तर आतलं मार्जिन २५ मिमी करा. मग ओळ १८० ची १७० मिमी होते, मजकूर सरकतो आणि ७२ ची पानं ७६ च्या आसपास जातात. अनुक्रमणिका पुन्हा तपासावी लागेल, रुंद तक्तेही.

सेंटर पिनला पानं चारच्या पटीत लागतात, ७२ चालतात. पण १८ मोठे कागद एकात एक घडी घातले की आतली पानं बाहेर डोकावतात. कड कापून सारखी केली की मधल्या पानांचं बाहेरचं मार्जिन पावणेदोन मिमीने कमी होतं. शिवाय एवढी जाड पुस्तिका टेबलावर ठेवली की तोंड वासून बसते. चाळीसेक पानांपर्यंत मात्र मी डोळे झाकून हेच घेतो.

स्पायरलची भोकं कडेपासून सात-आठ मिमी खातात, पण पान पूर्ण उलटतं, म्हणून उरलेले सात मिमी खरोखर दिसतात. तरी जमलं तर आतून २० करा. Word मध्ये Layout > Margins > Custom Margins उघडा, Multiple pages मध्ये Mirror margins निवडा आणि Inside ला २० मिमी टाका. मी एकदा फक्त डावं मार्जिन वाढवलं होतं. पाठपोट छपाईत मागच्या पानाची आतली बाजू उजवी असते, हे ध्यानातच आलं नाही. सगळ्या सम पानांवर बेरजेच्या रकान्यातून भोकं गेली होती, आठ आणि शून्य ओळखू येईनात.

छापायला देण्याआधी पाच-सहा पानं पाठपोट काढा, कडेला १० मिमीवर दोन क्लिपा लावा आणि उघडून वाचा. परफेक्टमध्ये साधारण तेवढंच दिसेल.