जास्तीच्या पगाराची वसुली: लेखी काय मागावं?

प्रश्न: मागे सहा महिने पगार जास्त आला होता, आता कंपनी दरमहा कापून घेतेय. मी लेखी काय मागू शकतो?

उत्तर: सर्वात आधी महिनावार तक्ता मागा: त्या महिन्याचा देय पगार, प्रत्यक्ष दिलेला पगार, फरक आणि चूक कशामुळे झाली. नुसता एकूण आकडा स्वीकारू नका; बिनपगारी रजा किंवा भत्ता त्यात दोनदा धरलेला सापडतो.

खरी गफलत होते ती कर कापण्याआधीच्या ढोबळ रकमेत आणि हातात आलेल्या निव्वळ रकमेत. समजा पगारात दरमहा 2,000 जादा धरले गेले, पण कर वगैरे वजा होऊन खात्यात 1,700च आले. सहा महिन्यांचे ढोबळ 12,000, तुमच्या हातात 10,200. कंपनीने 12,000 निव्वळ पगारातून कापले, तर 1,800 तुमच्या खिशातून जातात. म्हणून लेखी विचारा: कपात करपात्र पगारातून होणार की निव्वळ पगारातून? त्याच करवर्षात करपात्र पगारातूनच कापली, तर कर बहुतेक आपोआप जुळतो. वर्ष उलटलं असेल, तर जादा भरलेल्या कराचं काय करणार, हे स्वतंत्रपणे विचारा.

हप्ता तुम्हीच सुचवा. उदाहरणार्थ, ‘दरमहा 850, बारा महिने’. सोबत घरभाडं, कर्जाचा हप्ता यांचे आकडे द्या. हिशेब पटेपर्यंत संमतीपत्रावर सही नको; ईमेलमध्ये ‘रक्कम मान्य नाही, तपशील मिळेपर्यंत कपात थांबवावी’ एवढं लिहा. पगारपत्रकात वसुलीची वेगळी ओळ आणि शिल्लक रक्कम दाखवायला सांगा. नोकरी सोडताना अंतिम हिशेबात तेच पैसे पुन्हा कापले गेले, तर हाच पुरावा.